पॉलिसीवर कर्ज घ्यावं की ती सरेंडर करावी? आधी पुढच्या हप्त्यांचा हिशोब

प्रश्न: वडिलांच्या ऑपरेशनसाठी दहा-बारा दिवसांत दोन लाख हवेत. माझी २० वर्षांची बोनसवाली एन्डोमेंट पॉलिसी आहे. विमा रक्कम ५ लाख, हप्ता वर्षाला २५ हजार, १२ हप्ते भरून झालेत. एजंट म्हणतो, सरेंडर करा, तीन लाख येतील. शाखेत म्हणाले, कर्जही मिळेल. काय करू?

उत्तर: उरलेले आठ हप्ते भरणं जमणार असेल तर कर्ज घ्या. ते जमणार नसेल आणि दोन-चार वर्षांत परिस्थिती सुधारायचीही चिन्हं नसतील, तर सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच पॉलिसी मोडून मिळेल ती रक्कम घ्या. कर्ज उचलायचं आणि हप्तेही थांबवायचे, ही तिसरी वाट मात्र धरू नका. बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं, आणि ते लगेच दिसत नाही म्हणून कोणी सावधही होत नाही.

आधी तीन लाख हा आकडा कुठून आला ते बघू. पॉलिसी सरेंडर केली की भरलेले हप्ते परत मिळतात, असा समज असतो. तुम्ही १२ गुणिले २५ हजार, म्हणजे तीन लाखच भरलेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो खराही वाटेल. पण हा योगायोग आहे. कंपनी आधी पेड-अप रक्कम काढते, म्हणजे जेवढे हप्ते भरले त्या प्रमाणात उरणारी विमा रक्कम. २० पैकी १२ हप्ते भरले, म्हणून ५ लाखांचे १२/२०, म्हणजे ३ लाख. त्यात आजवर जमा झालेला बोनस मिळवते. विमा रकमेच्या दर हजारी ४० रुपयांनी बोनस जाहीर होत गेला असं धरलं, तर वर्षाला २० हजार आणि १२ वर्षांचे २ लाख ४० हजार. बेरीज ५ लाख ४० हजार. ही रक्कम तुमच्या नावावर आहे, पण ती मिळायची आठ वर्षांनी, मुदत संपल्यावर. आजच हवी म्हटलं की कंपनी आठ वर्षांची घट कापते आणि उरलेले साधारण तीन लाख हातावर ठेवते. म्हणजे वार्षिक पत्रकात छापलेला २ लाख ४० हजारांचा बोनस सरेंडरच्या वेळी तेवढ्याचा राहत नाही. लोक पत्रक घेऊन शाखेत भांडायला जातात ते यासाठीच. तिथल्या कारकुनाची त्यात काही चूक नसते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सरेंडर करावी की नाही, हे ठरवताना आजवर किती भरलं ते विसरायचं. ते गेलं. आता प्रश्न असा विचारायचा: आजचे तीन लाख कंपनीकडेच ठेवले आणि वर्षाला २५ हजार आणखी आठ वेळा भरले, तर शेवटी काय मिळतं? बोनसचा दर असाच राहिला तर ५ लाख विमा रक्कम अधिक २० वर्षांचा ४ लाख बोनस, एकूण ९ लाख. तीन लाख आणि आठ हप्त्यांचे ९ लाख होणं म्हणजे दरसाल साधारण ९ टक्के परतावा. पूर्ण २० वर्षांचा परतावा काढला तर तो यापेक्षा बराच कमी भरतो, आणि लोक त्याच आकड्याकडे बघून 'या पॉलिसीत काही दम नाही' म्हणतात. पण सुरुवातीच्या वर्षांचा खर्च तुम्ही आधीच सोसलाय. आता पुढची वर्षं चांगली आहेत. बारा वर्षं झालेली पॉलिसी आणि तीन वर्षं झालेली पॉलिसी यांना एकच सल्ला लागू होत नाही, तो याच कारणाने.

आता कर्जाची बाजू. चालू पॉलिसीवर एलआयसी साधारणपणे सरेंडर व्हॅल्यूच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, हप्ते बंद पडून पेड-अप झालेलीवर ८० टक्क्यांपर्यंत. बाकीच्या कंपन्यांची टक्केवारी थोडी वेगळी असू शकते. ती बाँडमध्ये कर्जाच्या अटीत लिहिलेली असते. तुमच्या पॉलिसीवर म्हणजे २ लाख ७० हजारांपर्यंत. यातले फक्त दोन लाख घ्या. जास्त मिळतंय म्हणून जास्त उचलू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

व्याजाचा दर हिशोबासाठी साडेनऊ टक्के धरू. मंजुरीपत्रात तुमचा नेमका दर लिहिलेला असेल. हे व्याज दर सहा महिन्यांनी लागतं आणि भरलं नाही तर मुद्दलात मिसळतं. दोन लाखांवर सहा महिन्यांचं व्याज ९,५०० रुपये, वर्षाचं १९,०००. व्याजाची तारीख पॉलिसीच्या वर्षदिनाशी बांधलेली असते, त्यामुळे पहिलं व्याज पूर्ण सहा महिन्यांचं नसून मधल्या अर्धवट काळाचं असू शकतं. ते बघून दचकू नका. एलआयसीत किमान सहा महिन्यांचं व्याज द्यावंच लागतं. दोन महिन्यांत मेडिक्लेमचे पैसे आले आणि कर्ज फेडलं, तरी ९,५०० जाणारच. तेवढं धरून चाला.

या कर्जाला ईएमआय नसतो. मुद्दल मुदतीपर्यंत फेडलं नाही तरी चालतं, शेवटी मिळणाऱ्या रकमेतून वळतं होतं. अडचणीच्या काळात ही मोठी सोय आहे, पण गोमही तिथेच आहे. दर महिन्याला खात्यातून काही कापलं जात नाही, म्हणून कर्ज आहे हेच घरात विसरलं जातं. दोन लाख घेतले आणि व्याजाचा एक रुपया भरला नाही, तर आठ वर्षांनी ते साधारण ४ लाख २० हजार झालेलं असतं.

आता तिन्ही वाटा तुमच्याच आकड्यांवर चालवून बघू.

सरेंडर केली तर तीन लाख हातात येतात, दोन लाख दवाखान्यात जातात, एक लाख उरतो आणि वर्षाचे २५ हजार वाचतात. तो एक लाख आणि दरवर्षीचे २५ हजार तुम्ही खरोखरच बाजूला टाकले आणि कर वजा जाता सात टक्के मिळाले, तर आठ वर्षांनी साधारण ४ लाख ४६ हजार होतात. विमा मात्र पहिल्या दिवसापासून नाही.

कर्ज घेतलं, हप्ते चालू ठेवले आणि व्याज अजिबात भरलं नाही, तर शेवटी ९ लाखांतून ४ लाख २० हजार वजा जाऊन ४ लाख ८० हजार मिळतात. बोनसचा दर पुढे घसरून हजारी ३० झाला तर हे ४ लाख ४० हजारांवर येतील, म्हणजे सरेंडरइतकेच. बोनसची हमी नसते, त्यामुळे हा फरक फार मोठा समजू नका. खरा फरक विम्याचा आहे, शिवाय काही योजनांत मुदतीअखेर मिळणारा अंतिम अतिरिक्त बोनसही असतो, तो सरेंडर करणाऱ्याला सहसा मिळत नाही. आणि दर सहा महिन्यांचं व्याज भरत गेलात तर मुद्दल दोन लाखच राहतं, शेवटी ७ लाख हातात येतात. वर्ष-दीड वर्षात कर्जच फेडलं तर सरेंडरशी तुलनाच उरत नाही.

तिसरी वाट: कर्ज घेतलं आणि हप्तेही थांबवले. पॉलिसी पेड-अप होते, पुढचा बोनस बंद. तिची सरेंडर व्हॅल्यू आजच्या ३ लाखांवरून आठ वर्षांत ५ लाख ४० हजारांपर्यंत चढते. हा वेग दरसाल साधारण साडेसात टक्के. कर्ज मात्र चक्रवाढीने पावणेदहाच्या आसपास वाढतंय. दोन लाखांचं कर्ज असेल तर शेवटी १ लाख २० हजार उरतात. सरेंडर करून उरलेला एक लाख नुसता सात टक्क्यांनी ठेवला असता तरी १ लाख ७२ हजार झाले असते. आणि तुम्ही पूर्ण २ लाख ७० हजार उचलून हप्ते थांबवले असतील, तर सहाव्या वर्षी कर्ज आणि व्याज मिळून सरेंडर व्हॅल्यूला गाठतात. मग कंपनीची नोटीस येते: इतक्या दिवसांत व्याज भरा, नाहीतर पॉलिसी बंद करून कर्जात वळती करू. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर तेही कळत नाही. कळतं ते मुदत संपल्यावर, जेव्हा शाखेत सांगतात की या पॉलिसीवर काही देणं नाही. जास्त उचलू नका म्हटलं ते यासाठी.

हप्ते चालू असतील तर हा धोका जवळपास नसतो, कारण प्रत्येक हप्त्याबरोबर सरेंडर व्हॅल्यूही झपाट्याने वाढते. अलीकडच्या नियमांनुसार तर चालू पॉलिसी केवळ कर्ज सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं म्हणून कंपनीला बंद करता येत नाही. बंद करता येते ती हप्ते थकलेली पॉलिसी, तीही पूर्वसूचना देऊन. जुन्या पॉलिसींच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून तुमच्या बाँडवरची कर्जाची अट एकदा नीट वाचा. पैसे कमी पडत असतील आणि हप्ता किंवा व्याज यांतलं एकच भरता येत असेल, तर आधी हप्ता भरा. व्याज मुद्दलात मिसळेल, महागात जाईल, पण पॉलिसी जिवंत राहील.

मध्ये एखाद-दोन वर्षं हप्ता चुकलाच तर पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत पॉलिसी पुन्हा चालू करता येते. थकबाकी व्याजासह भरावी लागते आणि तब्येतीचा दाखला मागू शकतात. त्यामुळे अडचण तात्पुरती असेल तर घाबरून सरेंडरकडे जायची गरज नाही.

विम्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आकडेमोडीत तो मागे पडतो. कर्ज घेतल्यानंतर वर्षभराने तुमचं काही बरंवाईट झालं, तर विमा रक्कम ५ लाख, तेरा वर्षांचा बोनस २ लाख ६० हजार, त्यातून कर्ज आणि न भरलेलं व्याज मिळून साधारण २ लाख २० हजार वजा. घरी ५ लाख ४० हजार पोहोचतात. कर्जासाठी पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन होते, पण त्याने नॉमिनीचं नाव रद्द होत नाही. विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये तशी तरतूद आहे: कंपनीची बाकी गेल्यावर उरलेल्या रकमेवर नॉमिनीचा हक्क तसाच राहतो. 'कर्ज घेतलं की बायकोचं नाव जातं' असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. कलम ४५ नुसार पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला तिच्यावर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही. अर्जात काही लपवलं होतं, असं म्हणून दावा नाकारता येत नाही. तुमची पॉलिसी ही सीमा केव्हाच ओलांडून गेली. ती मोडून पुढे नवी घेतलीत तर तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर, आत्महत्या झाल्यास पूर्ण विमा रक्कम न मिळण्याचे पहिले बारा महिने पुन्हा नव्याने, आणि हप्ता आजच्या वयाने. मधल्या काळात शुगर किंवा बीपी निघालं असेल तर तोही आणखी वाढणार. एजंट सरेंडरच्या जोडीला 'मग चांगली नवी पॉलिसी काढून देतो' म्हणत असेल, तर पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर त्याला सर्वात मोठं कमिशन मिळतं, एवढं लक्षात ठेवून त्याचं ऐका.

कराचं थोडक्यात. कर्ज हे उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. सरेंडरची रक्कम तुमच्या बाबतीत करमुक्त राहायला हवी, कारण वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत आहे, आणि ही अट १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसींना लागू आहे. ज्यांनी दोन वर्षांचे हप्तेही न भरता पारंपरिक पॉलिसी सोडली, त्यांनी आधी घेतलेली ८० सी ची वजावट उत्पन्नात परत मिळवली जाते. तुम्हाला ती अडचण नाही.

सरेंडर बरोबर ठरते ती कुठे? उरलेले हप्ते खरोखरच झेपणार नाहीत, किंवा गरजच जवळपास पूर्ण सरेंडर व्हॅल्यूइतकी आहे आणि ती फेडायचा काही मार्ग दिसत नाही, तिथे. पॉलिसी तीन-चार वर्षांचीच आहे, पुढचा परतावा काढला तर तो कर्जाच्या दरापेक्षा बराच कमी भरतो आणि घरात वेगळा टर्म विमा आहे, तिथेही. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकल्या गेलेल्या पॉलिसींत पहिल्या पूर्ण वर्षाचा हप्ता भरला की पुढे काही ना काही सरेंडर व्हॅल्यू मिळते, त्यामुळे चुकून घेतलेल्या नव्या पॉलिसीतून बाहेर पडणं पूर्वीपेक्षा कमी जखमी करतं. बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसीवर कर्जच मिळत नाही. तिथे पाच वर्षांनंतर अंशतः पैसे काढता येतात. साध्या टर्म पॉलिसीत सहसा सरेंडर व्हॅल्यू नसते, म्हणून दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत.

आता दहा दिवसांत काय करायचं ते. शाखेत किंवा कंपनीच्या पोर्टलवर एकाच तारखेचे तीन आकडे लेखी घ्या: सरेंडर व्हॅल्यू, कर्जाची कमाल रक्कम, आणि बोनससह पेड-अप रक्कम. तोंडी आकड्यावर काही ठरवू नका, तीन लाख हा एजंटचा अंदाजही असू शकतो. एखादा हप्ता थकला असेल तर कर्जाचा अर्ज देण्याआधी तो भरा. चालू आणि पेड-अप यांत कर्जाची टक्केवारी बदलते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

मग कर्जाचा अर्ज, मूळ बाँड, असाइनमेंटची सही, पॅन, ओळखपत्र, आणि ज्यावर नाव छापलेलं आहे असा रद्द केलेला चेक. काम अडकतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. बाँडवर एक नाव आणि बँकेत दुसरं असतं, लग्नानंतर बदललेलं किंवा आडनावाच्या स्पेलिंगचं. बाँड हरवलेला असतो, मग हमीपत्र आणि डुप्लिकेट बाँडमध्ये दिवस जातात. किंवा गृहकर्ज घेताना ती पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केलेली असते आणि कर्ज फिटूनही कोणी ती परत स्वतःच्या नावावर करून घेतलेली नसते. अशा पॉलिसीवर कंपनी कर्ज देत नाही. बाँडच्या मागच्या पानांवरचे शेरे आजच बघा. पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली असेल तर ती पत्नी-मुलांच्या विश्वस्त निधीत गेलेली असते. एकट्या तुमच्या सहीने तिच्यावर कर्जही मिळत नाही आणि सरेंडरही होत नाही.

पैसे खात्यात आले की मंजुरीपत्रावरचा व्याजदर आणि पहिल्या व्याजाची तारीख फोनमध्ये नोंदवा, आणि पत्ता-मोबाइल शाखेत अद्ययावत करून घ्या. हाताशी येतील तसे पाच-दहा हजार अधूनमधून भरता येतात. ती रक्कम आधी व्याजात आणि मग मुद्दलात जाते, म्हणून व्याजाच्या तारखेच्या आसपास भरली तर हिशोब स्वच्छ राहतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर पॉलिसी पुन्हा तुमच्या नावावर केल्याचा शेरा बाँडवर मारून घ्या आणि मूळ बाँड परत आणा. तो शाखेतच राहिला तर आठ वर्षांनी दावा करताना तुम्हालाच तो शोधत फिरावं लागतं.